मुलीच्या सायबर लॅबसाठी एफडी मोडावी का?

प्रश्न: मी ऐरोलीला राहतो. मुलगी बीएस्सी आयटीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सायबर सिक्युरिटीचा सराव करायला तिला घरी लॅब हवी आहे. दुकानदाराने 68,000 रुपयांचं कोटेशन दिलंय: जुना सर्व्हर 38,000, फायरवॉलसाठी छोटा पीसी 16,000, मॅनेज्ड स्विच 9,000, यूपीएस 5,000. घरी 8 जीबी रॅमचा एक जुना लॅपटॉप पडून आहे. घरखर्च महिना 45,000, शिल्लक पाच-सहा हजार, आणि अडीअडचणीसाठी 2,40,000 ची एफडी. एफडी मोडू, की ईएमआय घेऊ? शिवाय मुद्दाम कच्ची ठेवलेली मशीन घरच्या वायफायवर चालवणं धोक्याचं नाही ना?

उत्तर: आधी तुमचा शेवटचा प्रश्न घेतो, कारण पैशांचा निर्णय त्यावरच ठरतो.

हो, घरच्या वायफायवर ही मशीन चालवणं धोक्याचं आहे. नवशिके बहुतेक मेटास्प्लॉइटेबल 2 या मशीनपासून सुरुवात करतात. सरावासाठीच ते जाणूनबुजून भोकं ठेवून बनवलंय. त्याच्या 1524 नंबरच्या पोर्टला जोडणी केली की पासवर्ड न विचारता थेट रूटचा, म्हणजे अख्ख्या मशीनचा, ताबा मिळतो. असं मशीन तुमच्या राउटरला जोडलेलं असेल, तर तुम्ही ज्या फोनवरून नेटबँकिंग करता तो फोन आणि ते मशीन शेजारी-शेजारी बसलेले असतात. म्हणून लॅब घरच्या नेटवर्कपासून तोडलेलीच हवी.

पण ही तोडणी विकत घ्यावी लागत नाही. व्हर्च्युअलबॉक्स हे सॉफ्टवेअर फुकट आहे. एकाच लॅपटॉपच्या पोटात ते दोन-तीन मशीन चालवतं, आणि प्रत्येक मशीनचं नेटवर्क कुठे जोडायचं हे एका सेटिंगने ठरतं. 'ब्रिज्ड' निवडलं तर राउटर त्या मशीनला घरातल्या आणखी एका उपकरणासारखा आयपी देतो, म्हणजे नेमकं जे टाळायचं तेच होतं. 'नॅट' सुरक्षित आहे असा अनेकांचा समज असतो. बाहेरून आत कुणी येत नाही हे खरं, पण आतलं मशीन बाहेर इंटरनेटवर आणि घरच्या नेटवर्कवरही पोहोचू शकतं. नवीन मशीन बनवलं की सुरुवातीला नॅटच असतं, त्यामुळे ते बदलायला विसरलं की लॅब उघडी राहते. आपल्याला हवं ते 'इंटर्नल नेटवर्क'. त्यावरची मशीन फक्त एकमेकांशी बोलतात, खुद्द लॅपटॉपलाही त्या नेटवर्कवर जागा नसते.

मशीन बंद असताना लॅपटॉपवर, व्हर्च्युअलबॉक्स जिथे इन्स्टॉल झालंय त्या फोल्डरमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून, ही ओळ चालवायची:

```
VBoxManage modifyvm "Metasploitable2" --nic1 intnet --intnet1 labnet
```

हल्ल्याचा सराव करायचं काली लिनक्सही याच `labnet` वर ठेवायचं. या नेटवर्कवर आयपी वाटणारं कुणी नसतं, म्हणून दोघांना हाताने पत्ते द्यावे लागतात, उदाहरणार्थ `10.10.10.5` आणि `10.10.10.20`. कालीचे अपडेट घ्यायचे असतील तेव्हा कच्चं मशीन बंद ठेवून कालीला तेवढ्यापुरतं नॅटवर न्यायचं आणि काम झालं की परत `labnet` वर आणायचं. शेअर्ड फोल्डर आणि शेअर्ड क्लिपबोर्ड बंदच ठेवायचे, कारण नेटवर्क तोडूनही त्या वाटा उघड्या राहतात.

तोडणी झाली की नाही, हे तुम्ही स्वतः शेजारी बसून बघा. कच्च्या मशीनवर मुलीला या दोन ओळी चालवायला सांगा. पहिल्या ओळीत तुमच्या राउटरचा पत्ता टाका.

```
ping -c 3 192.168.1.1
ping -c 3 8.8.8.8
```

दोन्हींना `Network is unreachable` असं आलं पाहिजे. एकालाही उत्तर आलं, तर सेटिंग चुकलंय आणि त्या दिवशी सराव नाही. सेटिंग बदललं की दरवेळी हीच तपासणी करायची.

आता कोटेशनकडे वळू. स्विच आणि फायरवॉल आणले की लॅब आपोआप वेगळी होते, असं दुकानात सांगतात. तसं होत नाही. पीएफसेन्ससारख्या फायरवॉलवर नवं जाळं जोडलं की सुरुवातीला सगळी वाहतूक अडवलेली असते. मग लॅबमधून इंटरनेट हवं म्हणून शिकणारा 'सगळ्याला परवानगी' असा एक नियम टाकतो, आणि त्याच नियमाने घरचं नेटवर्कही उघडं पडतं. 25,000 रुपये खर्चूनही वरची तपासणी करावीच लागणार.

सर्व्हरचा खर्च खरेदीवर थांबत नाही. जुना सर्व्हर काही काम नसतानाही सव्वाशे वॅटच्या आसपास वीज घेतो असं धरू. दिवसरात्र चालू ठेवला तर महिन्याला 90 युनिट होतात. हे युनिट तुमच्या रोजच्या वापरावर चढतात, म्हणून त्यांना तुमच्या बिलातला सगळ्यात वरचा स्लॅब लागतो. युनिटला 12 रुपये धरले तरी महिन्याला 1,080, वर्षाला जवळपास 13,000. त्यात फ्लॅटमध्ये त्याच्या पंख्यांचा आवाज रात्री झोपू देणार नाही.

एफडी मोडली तर हाताशी 1,72,000 उरतील, म्हणजे सव्वापाच महिन्यांची तरतूद पावणेचार महिन्यांवर येईल. मी हे होऊ देणार नाही. वर मुदतीआधी मोडल्याचा दंड बँक व्याजातून कापेल तो वेगळा. बारा महिन्यांचा ईएमआय घेतलात तर हप्ता साधारण 5,700, म्हणजे तुमची सगळी शिल्लक त्यातच जाईल. 'नो कॉस्ट' म्हणाले तरी प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा जीएसटी बघून घ्या. तेव्हा दोन्ही नको.

माझा सल्ला: पडून असलेला लॅपटॉप लॅबला द्या. त्यावर तुमचं नेटबँकिंग, डिमॅट, मेल यांतलं काहीही उघडायचं नाही, आधीचे पासवर्ड सेव्ह असतील तर सगळं पुसून विंडोज नव्याने टाका. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्सखाली सीपीयूवर क्लिक केलं की `Virtualization: Enabled` दिसलं पाहिजे, नसेल तर बायोसमध्ये चालू करावं लागतं. मेटास्प्लॉइटेबलला 512 एमबी आणि कालीला 2 जीबी दिली की 8 जीबीत सुरुवात होते. तिथेच मेमरीखाली `Slots used` बघा. एक खण रिकामा असेल आणि हार्डडिस्क जुनी फिरती असेल, तर आणखी 8 जीबी रॅम आणि एक एसएसडी घ्या. दोन्ही मिळून 8,000 ची मर्यादा ठेवा आणि ते शिलकीतून दोन महिन्यांत द्या. भाव त्यावर गेला तर आधी फक्त एसएसडी घ्या.

तिसऱ्या महिन्यापासून 3,000 ची आरडी लावा. वर्षात 36,000 आणि वर व्याज जमेल. मोठ्या मशीनची खरी गरज तेव्हा लागते, जेव्हा मुलगी ॲक्टिव्ह डिरेक्टरीचा, म्हणजे कंपनीतले सगळे यूजर आणि कॉम्प्युटर एका जागेवरून सांभाळणाऱ्या विंडोजच्या यंत्रणेचा, सराव सुरू करेल. त्यात विंडोज सर्व्हर, दोन क्लायंट आणि काली अशी चार मशीन एकाच वेळी चालवावी लागतात आणि 16 जीबी अपुरी पडते. त्यासाठीही जुना सर्व्हर नको, 32 जीबीचा साधा डेस्कटॉप घ्या, वापरून झाला की बंद करता येतो. विंडोज सर्व्हरची 180 दिवसांची चाचणी आवृत्ती मायक्रोसॉफ्ट फुकट देतं, त्यामुळे लायसन्ससाठी पैसे बाजूला काढू नका. मॅनेज्ड स्विच मात्र ती खरे कॅमेरे किंवा राउटर टेबलावर मांडून तपासायला लागेल तेव्हाच घ्या.