दहावीच्या पेपरआधी मुलासाठी प्रार्थना कशी लिहावी?

प्रश्न: माझ्या मुलीची दहावी आहे, पेपर आठवड्यावर आलेत. तिच्यापेक्षा मलाच जास्त टेन्शन आलंय, रात्री झोप नाही. तिच्यासाठी स्वतःच्या शब्दांत एक प्रार्थना लिहावी असं वाटतंय पण सुचत नाहीये. काय मागावं? आणि तिला दाखवावी का?

उत्तर:

मी दोनदा लिहिलीय, एकदा चुकीची आणि एकदा बरी, त्यामुळे आधी चुकलेली सांगतो.

2019 ला मोठ्या लेकीची दहावी होती. आम्ही साताऱ्याचे, त्यामुळे खिंडीतल्या गणपतीला जाऊन मी नवस बोललो की पोरीला नव्वद टक्के पडू दे, अकरा मंगळवार अनवाणी येईन. तेवढ्यावर न थांबता ते कागदावर लिहून देवघरात ठेवलं, वर हॉल तिकिटाची झेरॉक्स. पोरगी रोज सकाळी दिवा लावायची, म्हणजे रोज सकाळी तो नव्वदचा आकडा वाचूनच अभ्यासाला बसायची, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

त्यात त्या वर्षी बोर्डाने भाषांचे वगैरे अंतर्गत 20 मार्क बंद केले होते. जूनमध्ये राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या 89.41 वरून एकदम 77.10 टक्क्यांवर आला. आमच्या पोरीला 81 पडले, त्या वर्षीच्या मानाने चांगलेच होते. पण निकालाच्या दिवशी ती मला काय म्हणाली, "बाबा, मग आता नवस फेडायला जायचं नाही ना?" म्हणजे बघा, 81 मिळवलेल्या मुलीला वाटत होतं की तिच्यामुळे बापाचा देवापाशी शब्द खाली पडला. मी त्याच आठवड्यात पहिला मंगळवार धरला आणि अकराही केले, पण ते वाक्य काही माझ्या कानातनं गेलं नाही.

आता ह्यात माझं चुकलं कुठे, तर टक्के हे पोरीच्या हातात पूर्ण नसतात. पेपर कोण काढणार, कोण तपासणार, बोर्ड कुठला नियम कधी बदलणार, हे सगळं त्यात येतं. मी जे मागितलं ते तीन महिन्यांनंतरचं होतं, आणि पोरीला धीर हवा होता तो सकाळी अकरा ते दोन. मग धाकट्याच्या वेळी ठरवलं की प्रार्थनेत फक्त त्या तीन तासांतलं मागायचं.

धाकटा 2023 ला बसला. पहिला पेपर 2 मार्चला. आदल्या रात्री ऑफिसच्या जुन्या डायरीचं पान फाडून लिहायला बसलो तर पहिलीच ओळ खोडावी लागली. मी लिहिलं होतं, "पेपर हातात आल्यावर पहिली दहा मिनिटं त्याला शांतपणे वाचू दे." मोठीच्या वेळी 10:50 लाच प्रश्नपत्रिका मिळायची, तेच माझ्या डोक्यात. तर पोरगा जेवताना म्हणाला होता की ते बंद झालंय, आता पेपर अकरालाच मिळणार आणि दहा मिनिटं शेवटी वाढवून देणार. म्हणून सांगतो, लिहायच्या आधी मुलीशी दहा मिनिटं बोला, वर्गात नेमकं काय काय होतं आणि तिला कशाची भीती वाटते ते विचारा. आमच्याला गणिताची वगैरे नव्हती, त्याला भीती होती बैठक क्रमांक चुकीचा पडेल ह्याची! मला हे स्वप्नातही सुचलं नसतं.

शेवटी जे लिहिलं ते असं, कागद अजून आहे म्हणून जसंच्या तसं देतो:

"गणराया, उद्यापासून पोराचे पेपर. ह्या वेळी मार्क मागायला आलो नाही.
साडेदहाला तो वर्गात पोचलेला असू दे.
बैठक क्रमांक लिहिताना हात थरथरला तर थरथरू दे, पण आकडा बरोबर उतरू दे.
प्रश्न शेवटपर्यंत वाचायचा धीर त्याला दे, अर्धा वाचून पळायची सवय त्याने माझ्याकडनं घेतलीय.
येत नाही त्या प्रश्नापाशी तो अडून बसू नये, पुढचा धरावा.
पुरवणी लागली तर दोरा घट्ट बांधू दे.
शेजारच्या बाकावर जो असेल त्यालाही ऐनवेळी आठवू दे.
झालेला पेपर शाळेच्या फाटकाबाहेरच राहू दे, घरी येऊ नये.
आणि माझी जीभ आवर. दारात 'कसा गेला' असं मी विचारणार नाही, आधी ताट वाढीन.
निकाल काही लागो, त्या दिवशी ह्या घरात आवाज चढणार नाही. हा माझा नवस."

शेवटच्या दोन ओळी लिहायला सगळ्यात जास्त वेळ लागला. आधीचं सगळं देवाने करायचं होतं, हे मलाच करायचं होतं ना. म्हणून तुम्हालाही सांगेन की निदान एक ओळ स्वतःला बांधणारी ठेवा, आणि ती रोज पाळली की मोडली हे कळेल अशी ठेवा. "मी शांत राहीन" असलं नको, त्याचा हिशोब लागत नाही. "दारात विचारणार नाही" ह्याचा लागतो.

माझा मोडला पण. गणित भाग 1 च्या दिवशी पोरगा बूट काढायच्या आत मी विचारलंच, आणि त्याचा चेहरा असा पडला की मलाच कसंतरी झालं. बीजगणितात एक चार मार्कांचं उदाहरण सुटलं नव्हतं. खरं तर दोन्ही भाग मिळून एकच विषय धरतात, भूमितीत भरून काढता येतं, पण तेव्हा समजवायला गेलो तर उलटा चिडला. रात्री कागद काढून परत वाचला. दुसऱ्या पेपरला तो आला तेव्हा मी मुद्दाम स्वयंपाकघरात पोळ्या लाटत उभा होतो, हात पिठात (पोळ्या भारताच्या नकाशासारख्या, पण तोंड बंद राहिलं).

दाखवायचं विचाराल तर पेपर संपेपर्यंत दाखवू नका असं माझं मत. चांगली लिहिलेली असली तरी परीक्षेच्या दिवसांत ती मुलांना अजून एक अपेक्षाच वाटते. देवघरातही नको, मोठीच्या वेळचं सांगितलंच. मी भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागे खोचली होती आणि तो खाली उतरला की रोज एकदा वाचायचो. एवढंच, काही सोवळंओवळं नाही. आमच्या हिला मात्र दाखवली, तिने "शेजारच्या बाकावर" ची ओळ घालायला लावली, ती माझी नाही.

एप्रिलचं पान उलटताना तो कागद खाली पडला आणि पोराच्याच हातात गेला. उभ्याउभ्या वाचला, मला वाटलं आता काहीतरी बोलेल, रडेल वगैरे. तर म्हणतो, "पप्पा, दोऱ्याचं उगाच मागितलंत, मला एकाही पेपरला पुरवणी लागली नाही."