मीटर-सेंटीमीटरची बेरीज करताना आधी सगळ्याचे सेंटीमीटर करा

प्रश्न: २ मीटर ४५ सेंमी, ३ मीटर ८ सेंमी, ७५ सेंमी आणि १.६ मीटर अशी चार मापं आहेत. पॉइंट देऊन कॅल्क्युलेटरवर बेरीज केली तर ८.६ येतंय, पण प्रत्यक्षात लांबी त्यापेक्षा कमी भरतेय. कुठे चुकतंय?

उत्तर: तुमच्या दुसऱ्या मापात. ३ मीटर ८ सेंमी तुम्ही ३.८ असं टाकलं असणार. पण मीटरमध्ये लिहिताना पॉइंटनंतरचं पहिलं घर दहा-दहा सेंटीमीटरचं असतं आणि एकेक सेंटीमीटर दुसऱ्या घरात जातात. म्हणून ३.८ म्हणजे ३ मीटर ८० सेंमी, आणि तुमचं माप लिहायला हवं ३.०८. मधलं शून्य गाळलं की ८ चे ८० होतात आणि बेरीज एकदम ७२ सेंमीने फुगते.

पॉइंटच्या भानगडीत न पडता सगळ्याचे आधी सेंटीमीटर करून घ्यावेत, असं माझं मत आहे. मीटरला १०० ने गुणायचं, सुटे सेंटीमीटर त्यात मिळवायचे, बस. २ मीटर ४५ सेंमी म्हणजे २०० + ४५ = २४५. ३ मीटर ८ सेंमी म्हणजे ३०० + ८ = ३०८; इथे शून्य विसरायला जागाच राहत नाही, कारण तुम्ही अंक शेजारी चिकटवत नाही, बेरीज करताय. ७५ सेंमी आहे तसं ठेवा. १.६ मीटरला १०० ने गुणलं की १६०. हे १०६ नाही, आणि १६ तर नाहीच.

आता २४५ + ३०८ + ७५ + १६० = ७८८ सेंमी. उत्तर परत मीटरमध्ये हवं असेल तर उजवीकडचे दोन अंक सेंटीमीटर, उरलेले मीटर: ७ मीटर ८८ सेंमी. पॉइंटमध्ये लिहायचं तर ७.८८ मीटर. तुमच्या ८.६ म्हणजे ८६० सेंमीतून ७८८ वजा केले की बरोबर ७२ उरतात, म्हणजे बाकी तीन मापं तुम्ही नीटच टाकली होती.

ताळा करायचा असेल तर मीटर वेगळे आणि सेंटीमीटर वेगळे मिळवून बघा. मीटर २ + ३ + ० + १ = ६. सेंटीमीटर ४५ + ८ + ७५ + ६० = १८८. या १८८ मधल्या १०० सेंटीमीटरचा एक मीटर हातचा म्हणून पलीकडे जातो, ६ चे ७ होतात आणि ८८ उरतात. पुष्कळ जण हातचा न नेता ६.१८८ लिहून मोकळे होतात. ते वाचलं जातं ६ मीटर १८ सेंमी ८ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ पावणेदोन मीटर गायब!

मोठ्या यादीत अशी चूक शोधायची एक युक्ती आहे. ८ चे ८० झाले की फरक ७२ पडतो, ५ चे ५० झाले की ४५. प्रत्येक वेळी तो मूळ सेंटीमीटरच्या नऊपट असतो. म्हणून दोन बेरजांमधला फरक सेंटीमीटरमध्ये काढा आणि त्याला ९ ने निःशेष भाग जातो का ते बघा. गेला तर शून्य गळल्याचा दाट संशय घ्यायला हरकत नाही (खात्री नव्हे, दुसऱ्या कारणानेही भाग जाऊ शकतो). मग अख्खी यादी पुन्हा तपासायची गरज नाही, सुटे सेंटीमीटर १ ते ९ असलेली मापं तेवढी पाहा. ४५ किंवा ७५ सारखे दोन अंक असतील तर ही चूक होतच नाही.

एक्सेलमध्ये करत असाल तर मीटर A रकान्यात आणि सेंटीमीटर B मध्ये ठेवा. १.६ ला १ आणि ६० असं फोडून टाका, आणि खाली:

```
=SUM(A2:A5)*100+SUM(B2:B5)
```

७८८ येईल. एकाच रकान्यात पॉइंट देऊन टाकू नका, १.६० टाकलंत तरी एक्सेल साधारणपणे १.६ दाखवतं, आणि नंतर बघणाऱ्याला ते ६० सेंमी होते की ६ हे कळायला मार्ग नाही.

एखादं माप मिलिमीटरपर्यंत असेल, समजा ७५ सेंमी ४ मिमी, तर मात्र सगळ्याचेच मिलिमीटर करा: २४५०, ३०८०, ७५४, १६००. बेरीज ७८८४ मिमी, म्हणजे ७ मीटर ८८ सेंमी ४ मिमी.