रिफंड अडकलाय? आधी एअरलाइनकडून एक ओळ लेखी घ्या

ताई, विमान तिकिटाच्या रिफंडसाठी बुकिंग पोर्टल आणि एअरलाइन एकमेकांकडे बोट दाखवत असतील, तर दोघांना फोन करत बसू नका. फोनवरचं बोलणं नंतर कुणी मान्य करत नाही.

पोर्टलवरून काढलेल्या तिकिटाचा रिफंड एअरलाइन बहुतेकदा पोर्टलच्या, म्हणजे एजंटच्या, खात्यात टाकते, तुमच्या नाही. म्हणून एअरलाइनला ईमेल करून एवढंच विचारा: ‘या पीएनआरचा रिफंड एजंटला दिला का? कोणत्या तारखेला, किती?’

आमच्या ठाण्याच्या घरून मी आईच्या तिकिटासाठी हेच केलं. ‘रक्कम एजंटकडे जमा’ असं तारखेसह उत्तर आलं. ते जोडून पोर्टलच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहिलं, तेव्हा ‘एअरलाइनकडून आलं नाही’ हे पालुपद थांबलं.

नवखे इथे चुकतात:
- पैशांऐवजी क्रेडिट शेल, म्हणजे पुढच्या तिकिटासाठी एअरलाइनकडेच ठेवलेली रक्कम, किंवा व्हाउचरला ‘हो’ म्हणतात.
- रद्द कुणी केलं ते लिहीत नाहीत. फ्लाइट एअरलाइनने रद्द केली असेल, तर तो मेसेज जोडाच.

पैसे दिलेच नाहीत असं एअरलाइन म्हणाली, तर तिलाच धरा. विमान वाहतुकीची नियामक संस्था डीजीसीएच्या नियमानुसार एजंटमार्फत काढलेल्या तिकिटाच्या रिफंडची जबाबदारीही एअरलाइनचीच. ती तक्रार एअरसेवा या सरकारी तक्रार साइटवर करा. पोर्टल अडून बसलं तर ग्राहक हेल्पलाइन 1915.