डेटा पुसणारा बग आणि रिलीजची तारीख: वाचकांचे प्रश्न

रिलीज तोंडावर आलंय, बग माहीत आहे आणि वरून 'सोडून द्या' असा दबाव आहे, अशा आशयाचे प्रश्न सतत येतात. 'नंतर हॉटफिक्स देऊ' हे वाक्य तर त्यांतल्या बहुतेकांत असतंच. म्हणून काही प्रश्न एकत्र घेतो.

प्रश्न: रिलीज नोट्समध्ये 'ज्ञात त्रुटी' म्हणून एक ओळ टाकली, तर आमची जबाबदारी संपते ना?

नाही. आणि कायदेशीर जबाबदारीबद्दल विचारत असाल, तर ते वकिलाला विचारा, मार्केटिंगला नको.

प्रश्न: आमचं सिंक दहा हजारांत एकदाच चुकतं. मॅनेजर म्हणतात, एवढं चालतं. काय उत्तर देऊ?

दहा हजार माणसांत एकदा की दहा हजार सिंकमध्ये एकदा, हे आधी विचारा. समजा 50,000 वापरकर्ते आहेत आणि प्रत्येकाचा फोन दिवसाला 20 वेळा सिंक करतो. म्हणजे रोजचे 10 लाख सिंक झाले, आणि रोज 100 वेळा कुणाचा तरी डेटा गेला. शिवाय हे 100 प्रसंग दिवसभर सारखे वाटलेले नसतात. सर्व्हरवर ताण आला की ते एकदम येतात, आणि ताण सगळ्यात जास्त येतो तो रिलीजच्याच दिवशी.

विंडोज 10 चं ऑक्टोबर 2018 चं अपडेट आठवा. 2 ऑक्टोबरला ते बाहेर पडलं आणि काही दिवसांतच थांबवावं लागलं, कारण काही लोकांच्या फाइली पुसल्या जात होत्या. दुसऱ्या जागी वळवलेल्या फोल्डरची मागे उरलेली रिकामी जुनी प्रत काढून टाकायची, एवढाच त्या कोडचा हेतू होता. काहींच्या बाबतीत ती जुनी प्रत रिकामी नव्हती. तक्रारींचं प्रमाण एका टक्क्याचा शंभरावा भाग होतं, म्हणजे तुमच्या मॅनेजरांचा 'दहा हजारांत एक'च. तरीही ते अपडेट पुन्हा यायला 13 नोव्हेंबर उजाडला. अशा तऱ्हेच्या तक्रारी चाचणी घेणाऱ्यांकडून आधीच आल्या होत्या, पण त्या ढिगाखाली राहिल्या.

प्रश्न: आमचं नोंदी ठेवायचं मोबाइल ॲप आहे. सर्व्हरवर ताण आला की तो कधीकधी रिकामी यादी पाठवतो आणि फोनवरच्या सगळ्या नोंदी पुसल्या जातात. टीम म्हणते, शुक्रवारी सोडू, काही झालं तर रोलबॅक करू किंवा हॉटफिक्स देऊ.

हाच तो प्रश्न. जरा सविस्तर बोलतो.

रोलबॅकने कोड मागे जातो, डेटा मागे येत नाही. बटण चुकीच्या जागी दिसत असेल तर हॉटफिक्स दिला की विषय मिटतो. पुसलेल्या नोंदीला हॉटफिक्स काय करणार? त्यातून मोबाइल ॲपला खरा रोलबॅक नसतोच. लोकांच्या फोनवर पोचलेली आवृत्ती तुम्ही ओढून परत घेऊ शकत नाही. वरच्या क्रमांकाची नवी आवृत्ती काढायची, स्टोअरची तपासणी होऊ द्यायची आणि लोक ती कधी घेतात याची वाट पाहायची. तोवर जुनी आवृत्ती पुसतच राहते.

आता तुमचा बग पाहू. डेटाबेसकडून वेळेत उत्तर आलं नाही की सर्व्हरवरचा कोड ती चूक गिळतो आणि `200` या यशाच्या कोडसोबत रिकामी यादी पाठवतो. फोन यादी ताडून पाहतो: माझ्याकडे 340 नोंदी, सर्व्हरकडे शून्य, म्हणजे मालकाने दुसऱ्या फोनवरून सगळ्या पुसल्या असणार. मग तोही पुसतो. ऑफलाइन लिहिलेल्या, अजून वर न गेलेल्या नोंदीही त्यातच जातात, आणि त्या तर दुसरीकडे कुठेच नसतात. पुढे फोनने पुसल्याची खबर सर्व्हरला दिली, की मालकाचा टॅबलेटही रिकामा होतो.

मूळ दोष असा की, 'यादीत नाही' याचा अर्थ तुमचा कोड 'पुसलं' असा घेतो. पुसण्याची स्वतंत्र नोंद सर्व्हरवर ठेवली पाहिजे आणि ती मिळाल्याशिवाय फोनने काहीही पुसता कामा नये. हा बदल शुक्रवारपर्यंत होणार नाही, हे मला मान्य आहे. पण शुक्रवारसाठी एवढं पुरतं:

```
if not remote_config.allow_delete:
    to_delete = []
```

हा फ्लॅग सर्व्हरवरून चालू-बंद होणारा हवा आणि तो बंद ठेवूनच रिलीज करायचं. फोनला सर्व्हरचं सेटिंग मिळालंच नाही, तर त्याने 'बंद' असंच धरायचं. नव्या नोंदी आणि दुरुस्त्या नेहमीसारख्या सिंक होतील. एका फोनवर पुसलेली नोंद दुसऱ्या फोनवर मात्र तशीच दिसत राहील. लोक कुरकुरतील, सपोर्टला मेल येतील, पण कुणाचं काही हरवणार नाही. मॅनेजरांसमोर हेच दोन पर्याय ठेवा: तारीख तीच, एका बाजूला पुसूनही दिसणाऱ्या नोंदी, दुसऱ्या बाजूला कायमच्या गेलेल्या. 'सोडायचं की नाही' असा वाद घातलात तर तुम्ही हरणार.

फ्लॅग कुठे घालायचा हे मात्र सिंकचा कोड लिहिणाऱ्यासोबत बसून ठरवा. पुसण्याच्या वाटा बहुधा एकापेक्षा जास्त असतात.

प्रश्न: पण आमच्याकडे रोजचा बॅकअप आहे की!

त्यातून डेटा परत आणून कधी पाहिलाय का? 31 जानेवारी 2017 ला गिटलॅबच्या एका अभियंत्याच्या हातून मुख्य डेटाबेसची फोल्डर पुसली गेली. मग लक्षात आलं की ठरलेले बॅकअप तयारच होत नव्हते, कारण बॅकअप घेणारा प्रोग्राम डेटाबेसपेक्षा जुन्या आवृत्तीचा होता. सुदैवाने कुणीतरी सुमारे सहा तासांपूर्वी हाताने एक प्रत घेतली होती, तिच्यावर निभावलं. आजच तुमच्या डेटाबेस सांभाळणाऱ्याला गाठा आणि एका वापरकर्त्याच्या नोंदी वेगळ्या सर्व्हरवर परत आणून दाखवायला सांगा. आणि सिंक हा बॅकअप नव्हे. सिंक पुसणंही तितक्याच इमानाने सगळीकडे पोचवतं.

प्रश्न: क्यूएने 300 वेळा करून पाहिलं, एकदाही घडलं नाही. टिकिट बंद करू का?

नको. 300 प्रयत्नांत शून्य याचा अर्थ, खरं प्रमाण शंभरात एक असण्याची शक्यताही अजून धडपणे नाकारता येत नाही. डेटाबेसचं उत्तर मुद्दाम उशिरा येईल अशी सोय करा आणि मग बघा.

प्रश्न: मॅनेजरांनी टिकिटावरची तीव्रता 'गंभीर'ची 'किरकोळ' केली. मी लेखी विरोध केला तर नोकरीवर येईल का?

तारीख गाठायला तीव्रतेचं लेबल बदलायचं, ही जुनी चलाखी आहे. दुरुस्ती कधी करायची हे मॅनेजरांनी ठरवावं, पण नुकसान किती होतं ही वस्तुस्थिती आहे. विरोध वगैरे शब्द न वापरता टिकिटातच लिहा: 'डेटाबेस अडला की फोनवरच्या सगळ्या नोंदी पुसल्या जातात, परत आणता येत नाहीत, फ्लॅग बंद ठेवून सोडावं असं माझं मत, निर्णय कुणी घेतला ते इथे नोंदवावं.' सोबत घडवून आणायच्या पायऱ्या जोडा. टिकिटाची किंवा कोडची प्रत घरच्या मेलवर पाठवू नका, उलट तेच तुमच्यावर शेकेल. नोकरीचं म्हणाल, तर करारपत्र घेऊन कामगार कायदा जाणणाऱ्या वकिलाकडे जा. इथून मी त्याचं उत्तर देणार नाही.

प्रश्न: काल सोडलंच. आज दोन तक्रारी आल्या. आता?

हे वाचत बसू नका. सर्व्हरवर पुसण्याची सोय बंद करा, बंद करता येत नसेल तर सिंकच थांबवा. पुसलेल्या नोंदी कायमच्या काढणारं रात्रीचं काम थांबवा आणि डेटाबेसवाल्याला फोन लावा. लॉग जपून ठेवा. तक्रारदाराला फोन विमानमोडवर टाकून कमीत कमी वापरायला सांगा. आणि सपोर्टवाल्यांना आत्ताच बजावा की 'ॲप काढून पुन्हा टाका' हे नेहमीचं उत्तर कुणालाही देऊ नका, कारण ॲप काढलं की फोनवर जे काही उरलंय तेही जातं.