हजार, लाख, कोटी एकत्र आले की एनपीव्हीची तुलना कशी चुकते?

प्रश्न: दोन प्रकल्पांचे आकडे वेगवेगळ्या एककांत आलेत. एकक चुकलं तर एनपीव्हीवर नेमका काय परिणाम होतो?

उत्तर: सगळ्याच आकड्यांचं एकक सारखंच चुकलं, तर त्या प्रकल्पाचं एनपीव्हीचं चिन्ह आणि आयआरआर बदलत नाही. खरा घात होतो तो एकाच ओळीचं एकक चुकल्यावर, कारण उत्तर तरीही पटण्यासारखं दिसतं.

समजा, दर १०%, मुदत ५ वर्षं. ‘अ’मध्ये गुंतवणूक २ कोटी, वार्षिक आवक ६० लाख आणि देखभाल खर्च ‘९०० हजार’. शीट लाखांत आहे. मिलियनच्या सवयीने कुणीतरी १०० ऐवजी १००० ने भागलं आणि ९ च्या जागी ०.९ बसलं. आता निव्वळ आवक ५९.१ लाख आणि एनपीव्ही सुमारे २४ लाख येतो. ‘ब’मध्ये १.५ कोटी गुंतवून वर्षाला निव्वळ ४५ लाख मिळतात, एनपीव्ही साधारण २०.६ लाख. म्हणजे ‘अ’ सरस!

प्रत्यक्षात ‘अ’ची निव्वळ आवक ५१ लाख आहे आणि एनपीव्ही उणे ६.७ लाख. ८.१ लाखांची चूक पाचही वर्षं लागत गेली, म्हणून ती ३.७९ पट झाली.

अशी चूक गुणोत्तरात सापडते: देखभाल आवकेच्या १५% हवी होती, दिसते १.५%. माझ्या मते मूळ आकडा आहे तसा ठेवावा, शेजारी एकक लिहावं आणि रूपांतर सूत्रानेच करावं:

```
=900*1000/100000
```