चवळीच्या मुळावरच्या गाठी नत्राच्या की सूत्रकृमीच्या?

"टोमॅटोची झाडं उपटली तर मुळांवर गाठीच गाठी. शेजारच्या चवळीच्या मुळांवरही गाठी आहेत. चवळीच्या गाठी नत्राच्या आणि चांगल्या असतात ना? मग टोमॅटोच्या पण चांगल्याच समजायच्या का? आता त्या जागी घेवडा लावायचा विचार आहे."

टोमॅटोचा निकाल लगेच लागतो. टोमॅटो, वांगी, मिरची, भेंडी, काकडी, दुधी यांच्या मुळांवर रायझोबियम जिवाणूंच्या, म्हणजेच नत्राच्या गाठी येतच नाहीत. त्या फक्त शेंगवर्गीय पिकांवर येतात. म्हणून तुमच्या टोमॅटोच्या मुळांवरच्या गाठी सूत्रकृमीच्या, म्हणजे मातीतून मुळांत शिरणाऱ्या बारीक कृमींच्याच धरा. (कोबी-फ्लॉवरच्या मुळांवरच्या मोठ्या गाठी वेगळ्या रोगाच्याही असतात, तो विषय इथे नको.)

खरी फसगत चवळीत होते. चवळीच्या एकाच मुळावर दोन्ही गाठी असू शकतात. माणूस एक गाठ फोडतो, आत गुलाबी दिसतं आणि तो निश्चिंत होतो. बाजूच्या मुळाकडे कोणी बघतच नाही.

चवळी हाताने ओढून उपटू नका. ओढलं की नत्राच्या गाठी तुटून मातीत राहतात, बारीक मुळंही तुटतात आणि हातात फक्त जाड मुळं येतात. झाडाभोवती वीतभर अंतरावर खणा, मातीच्या गड्ड्यासकट उचला आणि बादलीभर पाण्यात अर्धा तास ठेवा. माती आपोआप सुटते. नळाची जोरात धार मारू नका.

आता एक गाठ अंगठ्याने हळूच बाजूला ढकला. नत्राची गाठ मुळाच्या कडेला चिकटलेली असते, त्यामुळे ती सुटून येते आणि खालचं मूळ होतं तसंच राहतं. सूत्रकृमीची गाठ सुटत नाही, कारण ती मुळावर आलेलीच नसते, मूळच फुगलेलं असतं. मुळावरून बोट फिरवलं तर बारीक, मग जाड, मग पुन्हा बारीक असं लागतं. जोर केलात तर मूळ तुटेल, पण गाठ वेगळी होणार नाही. माझ्या मते या एका तपासणीवर बाकी सगळ्यांपेक्षा जास्त भरवसा ठेवावा.

लोक रंगावर फार विसंबतात. नत्राची गाठ नखाने फोडली की आतून गुलाबी ते लालसर दिसते, तो लेगहिमोग्लोबिनचा रंग. पण असा रंग फक्त काम करणाऱ्या गाठीला असतो. कोवळी गाठ आत पांढरी असते, निकामी गाठ हिरवट किंवा राखाडी पडते आणि शेंगा भरायला लागल्या की गाठी तपकिरी होऊन पिचतात. म्हणजे आत गुलाबी नाही म्हणून सूत्रकृमी, असं म्हणता येत नाही. रंग बघायचाच असेल तर फुलोऱ्याच्या सुमारास बघा. आणि गुलाबी दिसलं तरी त्याचा अर्थ तेवढी गाठ नत्राची, इतकाच. सूत्रकृमी कधी कधी नत्राच्या गाठीतही शिरतात.

दहा पटीचं भिंग मिळालं तर शंकाच उरत नाही. सुटत नसलेली गाठ ब्लेडने हळू उभी चिरा. आत नाशपातीच्या आकाराचा, मोत्यासारखा चकचकीत पांढरा ठिपका दिसतो, एक मिलिमीटरहूनही लहान. ती मादी. तिथून ती हलत नाही, तिथेच खाते आणि शेकडो अंडी घालते. अंडी एका चिकट पुंजक्यात असतात. गाठीबाहेर पिवळसर-तपकिरी जेलीचा थेंब अडकल्यासारखा दिसतो तो हाच. उबदार जमिनीत अंड्यापासून पुढच्या मादीपर्यंत साधारण महिना लागतो, म्हणून तीन-चार महिन्यांच्या पिकात दोन-तीन पिढ्या सहज होतात.

माती तपासायला देणार असाल तर एक सांगतो, कारण माझं सर्वांत जास्त नुकसान इथे झालं. एका तपासणी केंद्राने मातीचा नमुना सावलीत वाळवून, चाळून, कापडी पिशवीत आणायला सांगितला. नत्र-स्फुरद-पालाशसाठी ती पद्धत बरोबर आहे. सूत्रकृमीसाठी ती उलटी आहे, कारण वाळलेल्या मातीत ते मरतात आणि अहवालात काही येत नाही. तरीही त्या केंद्राने "कीड नाही, नत्र कमी" असा शेरा मारून युरिया सुचवला. गाठींनी पाणी आणि अन्न वर जाऊ दिलं नाही की पानं पिवळी पडतातच, झाडं दुपारी माना टाकतातच. तिथे युरियाने काय होणार? नमुना ओलसर हवा, 15 ते 20 सेंटिमीटर खोलीवरून, दहा-बारा झाडांच्या मुळांजवळून, बारीक मुळांसकट. प्लास्टिकच्या पिशवीत बांधा, उन्हात किंवा तापलेल्या गाडीत ठेवू नका. आणि आधी विचारा: तुम्ही सूत्रकृमी मोजता का?

मोजत नसतील तर कुंडीत करून बघा. तीच ओलसर माती दोन कुंड्यांत घ्या. एका कुंडीतली माती आधी अर्धा तास चांगली वाफवून थंड करा. दोन्हींत काकडीच्या तीन-तीन बिया टाका आणि पाच-सहा आठवड्यांनी मुळं धुऊन बघा. वाफवलेल्या मातीतली मुळं स्वच्छ आणि दुसऱ्या कुंडीतल्या मुळांवर गाठी, तर उत्तर मिळालं. काकडी शेंगवर्गीय नाही, म्हणून नत्राच्या गाठींचा गोंधळच होत नाही. थंडीत ही परीक्षा करू नका. गार मातीत सूत्रकृमी सुस्त असतात आणि मुळं स्वच्छ दिसून फसायला होतं.

घेवड्याबद्दल माझं मत कडक आहे: लावू नका. शेंगवर्गीय पीक जमीन सुधारतं हे नत्रापुरतं खरं आहे. पण घेवडा सूत्रकृमीला अगदी सहज बळी पडतो. टोमॅटोनंतर घेवडा म्हणजे त्यांना आयतं जेवण. त्यापेक्षा कडक उन्हाळ्यात जमीन भरपूर ओली करून पातळ पारदर्शक प्लास्टिक ताणून अंथरा, कडा मातीत गाडा आणि चार ते सहा आठवडे तसंच ठेवा. काळं प्लास्टिक माती तितकी तापवत नाही. वरचा थर स्वच्छ होतो, खोलवरचे मात्र उरतात, त्यामुळे हा कायमचा उपाय नाही. झेंडू लावायचा असेल तर बांधावर चार झाडं लावून उपयोग नाही. त्याचा परिणाम मुळांजवळच होतो, म्हणून संपूर्ण वाफ्यात दाट, दोन-अडीच महिने, आणि मध्ये तण अजिबात नको, कारण कित्येक तणांवरही सूत्रकृमी जगतात. निंबोळी पेंड लागवडीआधी चौरस मीटरला साधारण 100 ग्रॅम मिसळली तर मदत होते, पण गाठी भरलेलं झाड त्याने बरं होत नाही.

पुढे टोमॅटो घ्याल तेव्हा सूत्रकृमीला प्रतिकारक वाण बघा, पाकिटावर रोगांच्या अक्षरांत "एन" असतं. माती 28 अंशांच्या वर तापली की हा प्रतिकार ढिला पडतो, म्हणून उन्हाळी लागवडीत त्यावर विसंबू नका.

हे सगळं घरच्या वाफ्यापुरतं आणि लहान क्षेत्रापुरतं सांगतोय. शेतभर लागण असेल तर आधी नमुन्यात संख्या मोजून घ्या, मगच औषधाचा विचार करा. उपटलेली मुळं कंपोस्टमध्ये टाकू नका, ढीग पुरेसा तापला नाही तर अंडी टिकतात. फरशीवर कडक वाळवून टाकून द्या. त्या वाफ्यातली रोपं दुसरीकडे नेऊ नका आणि खुरपं धुतल्याशिवाय पुढच्या वाफ्यात लावू नका.