पेस्टल आणि ज्वेल टोन : रंगात पांढरा किती?

*‘भाचीच्या लग्नपत्रिकेत संध्याकाळच्या समारंभासाठी “पेस्टल” असं लिहिलंय. आणि आमचा इंटिरियरवाला हॉलची एक भिंत “ज्वेल टोन”मध्ये करू म्हणतोय. पेस्टल म्हणजे फिकट आणि ज्वेल म्हणजे गडद, एवढंच ना? साडीत कुठलं कुठे शोभतं, आणि भिंतीला?’*

एवढंच असतं तर कॉफीचा तपकिरीही ज्वेल टोन ठरला असता आणि उन्हात वाळवून वाळवून विटलेली लाल साडी पेस्टल. पेस्टल म्हणजे स्वच्छ रंगात भरपूर पांढरा मिसळून केलेली छटा. रंग हलका होतो, पण मळत नाही. पांढऱ्याऐवजी राखाडी मिसळला की जो धुरकट गुलाबी किंवा धुरकट निळा मिळतो, त्यालाही दुकानदार सर्रास पेस्टल म्हणतात. ती वेगळी जात आहे. ज्वेल टोनमध्ये पांढरा जवळजवळ नसतोच. रंग पुरता भरलेला, थोडा खोल, माणिक, पाचू, नीलम यांच्यासारखा. म्हणून निऑन पोपटी कितीही भडक असला तरी ज्वेल नाही, कारण त्यात खोली नाही. आणि काळपट तपकिरी कितीही गडद असला तरी नाही, कारण त्यात रंगच कमी आहे.

पेस्टल हे मुळात चित्रकाराच्या खडूचं नाव. इटालियन ‘पास्तेल्लो’वरून आलेलं, रंगाची भुकटी, खडूची पूड आणि जेमतेम धरून ठेवण्यापुरता डिंक यांचा लगदा करून त्याच्या कांड्या वळायच्या. पांढरी पूड वाढवत नेली की एकाच रंगाच्या फिक्या फिक्या कांड्या तयार होतात. अठराव्या शतकात व्हेनिसच्या रोझाल्बा कारिएराने याच खडूंनी काढलेली व्यक्तिचित्रं युरोपभर गाजली. खडूंचं नाव पुढे त्या पिठूळ, मऊ छटांना चिकटलं. आपल्याकडे गोंधळ होतो तो शाळेतल्या ऑइल पेस्टलच्या खोक्यामुळे. त्यात लालभडक आणि गर्द निळ्या कांड्याच जास्त, त्यामुळे पेस्टल म्हटल्यावर मुलांच्या डोळ्यांपुढे नेमकं उलटं येतं.

नावं मात्र आपल्याकडे आधीपासून आहेत. अबोली, मोतिया, पिस्ता, आकाशी या बाजूला. डाळिंबी, मोरपंखी, चिंतामणी, गुलबक्षी त्या बाजूला. साडीच्या दुकानात हे शब्द वापरले तर विक्रेता नेमका गठ्ठा काढतो. ‘पेस्टल दाखवा’ म्हटलं की बदामी, राखाडी, साबुदाण्यासारखं काहीही पुढ्यात येतं.

आता साडी. इथे रंगाआधी कापड बघायचं. ज्वेल टोनला चमक लागते, कारण रत्नाचा रंग आपल्याला दिसतो तो आत शिरून परतलेल्या उजेडातून. रेशमाचा धागा गुळगुळीत असतो, तो उजेड एका दिशेने परत फेकतो. घडीच्या उंचवट्यावर चकाकी आणि खोलगट भागात गर्द रंग असे दोन्ही एकाच वेळी दिसतात. पैठणीतली धूपछाव तर ताण्याला एक रंग आणि बाण्याला दुसरा घालून हेच अधिक ठळक करते. मखमलीत उजेड लवीत अडकतो, म्हणून तीही खोल दिसते. तोच पाचूचा हिरवा साध्या सुती कापडावर आणा: धाग्याचं बारीक तूस उजेड सगळीकडे विखुरतं, त्यामुळे रंगावर पांढुरकी साय आल्यासारखी वाटते आणि चार धुण्यांत तो शेवाळी होतो. उलट मलमल, चंदेरी, ऑर्गंझा यांवर पेस्टल सुरेख बसतो, कारण विखुरलेला उजेड त्याला हवाच असतो. पातळ कापडाखाली अस्तर किंवा परकर मात्र त्याच रंगाचा घ्यावा. पांढऱ्या परकरावर अबोली चंदेरी नुसती मळलेली वाटते.

जरीचंही बघा. सोनेरी जर आणि पिवळट पेस्टल यांचा उजळपणा जवळजवळ सारखा असतो, त्यामुळे चार हातांवरून काठ दिसेनासा होतो. पेस्टलवर रुपेरी जर घ्या किंवा काठ वेगळ्या गडद रंगाचा निवडा. गर्द डाळिंबीवर मात्र सोनेरीच हवी.

संध्याकाळच्या समारंभात पेस्टल नेसायला सांगणं ही मला तशी उलटी रीत वाटते, पण 2017च्या डिसेंबरात अनुष्का शर्माने इटलीत फिकट गुलाबी लेहंगा घालून लग्न केलं आणि ती हवा अजून ओसरलेली नाही. अडचण उजेडाची आहे. पेस्टल दिवसाउजेडी खुलतात, उघड्यावर, सकाळच्या मुहूर्ताला. हॉलमधल्या पिवळ्या दिव्यांखाली फिकट निळा आणि लव्हेंडर राखाडीकडे झुकतात, कारण त्या उजेडात मुळात निळा भागच कमी असतो; फिकट पिवळा तर पांढऱ्यात जमा होतो. फोटोत फ्लॅश जवळून पडला की उरलासुरला रंगही उडतो. तेव्हा पत्रिकेचा मान राखायचा तर अबोली किंवा गुलाबी घ्या, पिवळा उजेड त्यांना साथ देतो. आणि दुकानातल्या पांढऱ्या ट्यूबखाली निवड पक्की करू नका, पदर दारापर्यंत नेऊन बघा, मग पिवळ्या दिव्याखालीही बघा. गोऱ्यांना पेस्टल आणि सावळ्यांना गडद असला नियम मी मानत नाही. सावळ्या रंगावर पिस्ता फार छान उठतो. फसतो तो स्वतःच्या कातडीच्या रंगाशी मिळताजुळता फिका, मग तो कुणाच्याही अंगावर असो.

भिंतीचं गणित त्याच पांढऱ्यावर चालतं, आणि रंगाच्या दुकानात ते डोळ्यांनी दिसतं. तिथे यंत्राने रंग मिसळायच्या आधी डब्यात बेस असतो. पेस्टल छटा पांढऱ्या बेसमध्ये बनते; त्यात टायटॅनियम डायऑक्साइड भरपूर असल्याने खालचं सगळं झाकलं जातं आणि दोन हात पुरतात. गर्द छटेला जो बेस घेतात त्यात हा पांढरा जवळजवळ नसतो, त्यामुळे रंग खोल येतो पण झाकत नाही. पांढऱ्या भिंतीवर थेट लावला तर तिसऱ्या हातानंतरही रोलरचे पट्टे दिसत राहतात. आधी राखाडी छटेचा प्रायमर मारून घ्यायला सांगा आणि जादा हाताची मजुरी आधीच ठरवा.

समजा हॉल 10 बाय 14 फुटांचा आहे आणि एका टोकाला बाल्कनी. पाचूची भिंत बाल्कनीच्या समोरची, म्हणजे सोफ्यामागची करा. तिच्यावर थेट उजेड पडतो, तेव्हाच तो हिरवा दिसतो. बाल्कनीच्या बाजूचीच भिंत रंगवली तर मागून येणाऱ्या उजेडापुढे ती दिवसभर काळी दिसेल. चकचकीत फिनिश टाळा, पुट्टीचे सगळे उंचसखल त्यात उठून दिसतात. अगदी मॅटही नको, सोफ्याच्या पाठीचे पांढरट घासे पडतात. मधलं, मंद चमकेचं फिनिश बरं.

बाकीच्या तीन भिंतींना पेस्टल घेणार असाल तर शेडकार्डावर आवडलेल्या छटेहून एक पायरी फिकी घ्या. भिंती एकमेकींवर रंग फेकतात, त्यामुळे कार्डावरचा सौम्य पिस्ता खोलीभर लावल्यावर चांगलाच पोपटी होतो. शंभर-दोनशे मिलिलिटरचा नमुन्याचा डबा मिळाला तर दोन फूट चौरस तुकडा रंगवून तो सकाळी आणि दिवे लागल्यावर बघा. आणि हॉलमध्ये दिवसाही दिवा लावावा लागत असेल तर इंटिरियरवाल्याला हिरव्या उशा आणि पडद्यांवर थांबवा.